नोकरी गेलेल्या सहकाऱ्याला आधार देताना

नोकरी गेलेल्या सहकाऱ्याला धीर देण्याची वेळ बहुतेकांवर अचानक येते. सकाळी शेजारी बसून काम करणाऱ्या माणसाला अकरा वाजता एचआरचं बोलावणं येतं, दुपारी त्याचा लॅपटॉप बंद होतो आणि संध्याकाळपर्यंत टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून त्याचं नाव गेलेलं असतं. उरलेल्यांना वाईट वाटतं, थोडी भीतीही वाटते आणि काय बोलावं ते सुचत नाही. मग तोंडाला येतील ती वाक्यं बोलली जातात, किंवा काहीच न बोलता प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनकडे वळतो.

समजा, पुण्याजवळ हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं सात महिने काम केलेली एक सीनियर टेस्टर आहे. वय अडतीस, घराचा हप्ता चालू, मुलगी सहावीत, सासूबाईंना मधुमेह. कंपनीने तिचा प्रकल्प बंद केला आणि तिच्यासह काही जणांना कमी केलं. तिच्याच टीममधली, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मैत्रीण नोकरीत टिकली आहे. या मैत्रिणीने पहिल्या दिवसापासून पुढचे काही महिने काय करावं, हा इथला विषय आहे.

कोणती वाक्यं टाळावीत आणि का

अशा वेळी सर्वात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्या माणसाला संध्याकाळी घरी जाऊन ही बातमी सांगायची आहे त्याला त्यात चांगलं काही दिसत नाही. आपलं दुःख समोरच्याला पोचलंच नाही, एवढंच त्याला कळतं. ‘तुला काय, लगेच मिळेल’ हे दुसरं वाक्य. पुढे दोन महिन्यांत नोकरी मिळाली नाही तर तेच वाक्य बोचतं, कारण सगळ्यांना सोपी वाटलेली गोष्ट आपल्यालाच जमत नाही असं त्या माणसाला वाटू लागतं. ‘निदान नवऱ्याची नोकरी तरी आहे’ किंवा ‘पॅकेज तरी बरं मिळालं ना?’ असं म्हटल्यावर त्याला दुःख करण्याचीही सोय उरत नाही.

नोकरीत टिकलेल्यांच्या तोंडून आणखी एक वाक्य निघतं : ‘सुटलीस बघ, आमचे हाल विचारू नकोस.’ स्वतःला वाटणारा संकोच लपवण्यासाठी ते बोललं जातं. पण पगार सुरू असलेल्या माणसाने पगार थांबलेल्या माणसाला ते सांगणं क्रूर ठरतं.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य यांच्यापेक्षा सौम्य आहे, तरी त्यात एक अडचण आहे. काय लागेल हे ओळखणं, ते मागण्याचा संकोच गिळणं आणि फोन करणं ही तिन्ही कामं त्यामुळे अडचणीतल्या माणसावरच पडतात. त्या आठवड्यात हे तिन्ही त्याला जमण्यासारखं नसतं. म्हणून मदतीचा प्रस्ताव असा असावा की ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच उत्तर पुरेल.

पहिला दिवस

टेस्टरच्या मैत्रिणीने त्या दुपारी पाठवलेला निरोप असा असू शकतो : ‘अगं, आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. आज बोलावंसं वाटत नसेल तर उत्तर देऊ नकोस. साडेपाचला खाली पार्किंगमध्ये गाडी घेऊन थांबते, सामान असेल तर घरी सोडते. नको असेल तर नुसतं “नको” लिही.’ या निरोपात झालेल्या गोष्टीचा सरळ उल्लेख आहे, बोलण्याची सक्ती नाही, मदतीची वेळ आणि जागा ठरलेली आहे आणि नकार देणंही सोपं आहे. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या सहकाऱ्याला हेच ‘सर, आत्ताच कळलं’ अशा आदराच्या भाषेत लिहावं. मजकूर बदलायची गरज नाही.

गाडीत बसल्यावर गप्प राहिलं तरी चालतं. ती बोलली तर ऐकावं. ‘कुणाकुणाला काढलं?’, ‘तुझं रेटिंग काय होतं?’ असे प्रश्न टाळावेत, कारण त्यांतून विचारणारा स्वतःची नोकरी किती सुरक्षित आहे याचा अंदाज घेत असतो आणि समोरच्याला ते लगेच जाणवतं. ती मॅनेजरवर चिडली तर मॅनेजरची बाजू मांडायला जाऊ नये. राग बाहेर पडण्याचा पुढे उपयोग होतो. अमेरिकेत नोकरी गेलेल्या व्यावसायिकांवरचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही जणांना आपल्या मनातल्या भावना सलग काही दिवस लिहून काढायला सांगितलं होतं. तसं न लिहिलेल्यांपेक्षा त्यांना नव्या नोकऱ्या लवकर मिळाल्या. साचलेला राग मोकळा झाला की तो मुलाखतीच्या खोलीत डोकावत नाही, असा संशोधकांचा तर्क होता. ऐकून घेणारी मैत्रीण असली की तेच काम बोलण्यातून होतं.

पहिल्या दिवशी एक व्यावहारिक गोष्ट मात्र लगेच सांगायला हवी. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्याऐवजी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात, तोही त्याच खोलीत, त्याच अर्ध्या तासात. राजीनाम्याने कागदपत्रं स्वच्छ राहतात, पण काढून टाकल्यास कायद्याने मिळू शकणाऱ्या भरपाईवरचा हक्क त्यामुळे कमजोर पडतो. म्हणून सही अजून केली नसेल तर मजकुराची प्रत मागावी आणि उद्यापर्यंत वेळ मागावा, एवढं मैत्रिणीने सुचवावं. सही झाली असेल तर ‘का केलीस?’ असं विचारू नये. सहीसाठी दबाव आणला गेला असं तिला वाटत असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. अशा तक्रारी पुढे नेणारी ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना पुण्यातच आहे. हा मार्ग धरायचा की नाही, हा निर्णय तिचा. मैत्रिणीने माहिती द्यावी, आग्रह धरू नये.

पहिला आठवडा : कागद आणि पैसा

या आठवड्यात सर्वात उपयोगी मदत म्हणजे शनिवारी दोन तास शेजारी बसून कागदांची यादी करणं. लॅपटॉप परत गेला की पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रं हे सारं कंपनीच्या पोर्टलवर अडकतं. त्यातलं काय स्वतःच्या मेलवर आहे आणि काय एचआरकडून मागायचं, याच्या दोन याद्या कराव्यात आणि एचआरला एकच नेमका मेल लिहावा. रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र त्यात अग्रभागी असावं, कारण पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी तपासणी त्यांच्यावरच अडते. नोकरीत असलेल्या मैत्रिणीने स्वतःच्या लॉगिनमधून कंपनीची कोणतीही फाइल मात्र तिला पाठवू नये. तसं केल्यास दोघीही अडचणीत येतात.

मग हिशेब. ग्रॅच्युइटीचं गणित अनेकांना ठाऊक नसतं आणि दुःखाच्या भरात ते करावंसंही वाटत नाही. पाच वर्षं पूर्ण केलेल्या कायम कर्मचाऱ्याला ती मिळते. शेवटच्या मासिक वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि येणाऱ्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचं. वेतन म्हणजे मूळ पगार आणि असल्यास महागाई भत्ता. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणून टेस्टरची नऊ वर्षं सात महिने म्हणजे दहा वर्षं. तिचा मूळ पगार ४८,००० रुपये असेल तर ग्रॅच्युइटी सुमारे २,७६,९०० रुपये होते. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कमी केलेल्या कर्मचाऱ्याचं थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. त्याच संहितांत वेतनाची व्याख्याही बदलली आहे. भत्ते खूप असलेल्या पगारात हिशेबाला धरायचं वेतन त्यामुळे मूळ पगारापेक्षा मोठं निघू शकतं. म्हणून कंपनीचा आकडा येईल तेव्हा तो कसा काढला हे लेखी विचारून घ्यावं. ‘पैशाचं बघू गं नंतर’ म्हणण्यापेक्षा हा आकडा कागदावर लिहून दाखवल्याने जास्त धीर येतो, कारण हातात येणारी रक्कम आणि महिन्याचा खर्च समोरासमोर ठेवून घर किती महिने निभेल हे दिसू लागतं.

आरोग्य विम्याकडे मात्र तातडीने बघावं लागतं. कंपनीच्या गट विम्याचं संरक्षण बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबर संपतं, आणि सासूबाई त्याच विम्यात असतात. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि आधीच्या विम्याची वर्षं प्रतीक्षा काळात धरली जातात. विमा कंपनी आपल्या निकषांवर अर्ज तपासते, त्यामुळे होकाराची खात्री नसते. अर्ज जुनं संरक्षण संपण्याआधी गेला पाहिजे. सहकारी ही एकच गोष्ट करू शकला तरी त्याने मोठं काम केलं : विमा कंपनीचा संपर्क क्रमांक शोधणं, अर्ज मागवणं आणि तो भरताना शेजारी बसणं.

भविष्य निर्वाह निधी घाईने काढायला सांगू नये. नव्या नोकरीत तो त्याच यूएएनवर वळवता येतो. कंपनीने ईपीएफओच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, एवढं मात्र महिनाभराने आठवणीने बघायला सांगावं. ती भरलेली नसली की निधी वळवणं आणि काढणं दोन्ही अडतं. नोकरी सोडून दोन महिने उलटले की सदस्य स्वतःही ही तारीख नोंदवू शकतो. घराच्या हप्त्याबद्दल सल्ला एकच : तो चुकण्याच्या आधी बँकेत जाऊन बोलावं. चुकल्यावर गेलं की बोलणी अवघड होतात.

उसने पैसे देण्याचा प्रश्न बहुतेक वेळा कुणी उघड काढत नाही. देण्याची इच्छा आणि ऐपत असेल तर रक्कम स्वतःच सांगावी, ‘माझ्याकडे तीस हजार आहेत, वर्षभर लागणार नाहीत’ अशी. ऐपत नसेल तर हा विषय न काढलेलाच बरा.

नोकरी शोधताना

सहकारी जे देऊ शकतो ते नातेवाइकांना देता येत नाही : त्याने ते काम जवळून पाहिलेलं असतं. नोकरी गेलेला माणूस स्वतःचा बायोडेटा लिहायला बसला की हात आखडतो. नऊ वर्षांच्या कामाचं ‘सॉफ्टवेअर टेस्टिंगची जबाबदारी सांभाळली’ एवढं एक वाक्य होतं. मैत्रिणीला मात्र आठवतं की पेमेंट विभागाच्या चाचण्या पूर्वी हाताने चालायच्या आणि दर रिलीजला पाच दिवस खायच्या, टेस्टरने त्यांपैकी बहुतेक स्वयंचलित केल्या आणि काम दोन दिवसांवर आलं, आणि दोन नव्या मुलींना तिनेच शिकवून तयार केलं. तेव्हा ते वाक्य असं होतं : ‘पेमेंट विभागाच्या चाचण्या स्वयंचलित करून प्रत्येक रिलीजचा चाचणीचा वेळ पाच दिवसांवरून दोन दिवसांवर आणला, दोन नवोदित टेस्टरना प्रशिक्षण दिलं.’ ग्राहक कंपनीचं नाव आणि गोपनीय तपशील गाळायचे, बाकी सगळं खरं आणि तपासता येण्याजोगं. अशी चार-पाच वाक्यं आठवून देणं हे रविवारच्या एका सकाळचं काम आहे, आणि ‘तू फार हुशार आहेस’ या कौतुकापेक्षा त्याने आत्मविश्वास जास्त परत येतो, कारण केलेलं काम डोळ्यांसमोर उभं राहतं.

दुसरी मदत ओळखींची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन या गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने नोकरीची खबर दिली त्याची भेट किती वेळा व्हायची. निम्म्याहून अधिक जणांनी ‘अधूनमधून’ असं सांगितलं, आणि ‘वरचेवर’ म्हणणारे थोडेच निघाले. १९७३ मध्ये मांडलेलं त्यांचं स्पष्टीकरण असं की जवळच्या मित्रांना आपल्याला असते तीच माहिती असते, आणि दूरच्या ओळखीची माणसं वेगळ्या वर्तुळातल्या बातम्या आणतात. म्हणून मैत्रिणीने टीममध्येच चौकशी करून थांबू नये. दोन वर्षांपूर्वी खराडीच्या कंपनीत गेलेला माजी सहकारी, कॉलेजमधला सीनियर, मुलीच्या शाळेतल्या पालकांपैकी आयटीत असणारं कुणी, अशा पाच-सहा जणांची यादी करून तिने प्रत्येकाला स्वतः लिहावं. लिहिण्याआधी टेस्टरची परवानगी घ्यावी. आपली नोकरी गेल्याची बातमी कुणाला कळावी हे तिने ठरवायचं असतं.

शिफारशीचा निरोप छोटा आणि नेमका असावा : ‘माझ्या टीममधली सीनियर टेस्टर, साडेनऊ वर्षांचा अनुभव, पेमेंट आणि ऑटोमेशनमध्ये पक्की. प्रकल्प बंद झाल्याने ती नोकरी शोधते आहे. तुमच्याकडे क्यूएची जागा आहे का? असेल तर रेफरल टाकाल का? बायोडेटा सोबत जोडला आहे.’ नुसता बायोडेटा पुढे ढकलण्यापेक्षा कंपनीच्या रेफरल पोर्टलवर नाव चढवून घेणं चांगलं, कारण तिथे अर्जाची नोंद राहते आणि पाठपुरावा करता येतो. पाठपुराव्यानंतर जे कळेल ते टेस्टरला कळवावं, उत्तर ‘सध्या जागा नाही’ असं असलं तरी. वाट बघत ठेवण्यापेक्षा स्पष्ट नकार सोसायला सोपा असतो. आणि हाती नसलेलं आश्वासन देऊ नये. ‘आमच्याकडे लावून देते’ असं मॅनेजरशी न बोलताच म्हणणं म्हणजे पुढच्या निराशेची तयारी.

मुलाखतीची तयारी करताना एका प्रश्नाचा सराव हमखास करावा : ‘आधीची नोकरी का सोडली?’ याचं उत्तर दोन वाक्यांत बसलं पाहिजे. ‘कंपनीने माझा प्रकल्प बंद केला आणि टीम कमी केली. त्यात माझी जागा गेली.’ त्यानंतर लगेच समोरच्या कामाबद्दल बोलायला लागायचं. उत्तर लांबू लागलं किंवा आवाजात जुना राग उतरला तर सराव करून घेणाऱ्याला ते लगेच जाणवतं. मग पुन्हा एकदा म्हणून बघावं.

दुसरा आणि तिसरा महिना

पहिल्या आठवड्यात फोन खूप येतात, दुसऱ्या महिन्यात ते थांबतात. नेमकी तेव्हा गरज वाढलेली असते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव जवळजवळ पूर्णपणे एका कापड गिरणीवर जगत होतं. गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या जगण्याचा अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली आणि रस्त्यावर चालण्याचा वेगही मंदावला. नोकरी पगाराबरोबर दिवसाला आकार देते, माणसांत मिसळायला लावते आणि आपण कोण हे सांगण्याची एक ओळख देते, असं याहोडा यांनी पुढे मांडलं. पगाराची सोय झाली तरी बाकीच्या गोष्टी निसटलेल्या असतात.

म्हणून या काळातली मदत वेळापत्रकाची. दर बुधवारी सायंकाळी साडेसहाला चहा, किंवा रविवारी सकाळी टेकडीवर फिरायला जाणं, असं काही ठरवून टाकावं आणि ते मोडू नये. ‘कधीतरी भेटू’ म्हणण्यापेक्षा ठरलेला वार जास्त टिकतो, आणि कुणी तरी आपली वाट बघतं आहे यानेही दिवसाला बांध बसतो. भेटल्यावर दर वेळी ‘काही झालं का?’ विचारू नये, कारण झालं असतं तर तिने स्वतःच सांगितलं असतं. मुलीची परीक्षा, सासूबाईंची तब्येत, एखादा सिनेमा अशा विषयांवरही बोलावं. भेटीचं ठिकाण स्वस्त असावं, नाहीतर बिलाच्या विचाराने ती यायचं टाळेल. ऑफिसच्या बातम्या तिने विचारल्या तरच सांगाव्यात.

घरच्यांपासून ही गोष्ट लपवून रोज ठरल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडणारी माणसंही असतात. सहकाऱ्याला हे कळलं तर त्याने परस्पर घरी सांगू नये. घरी सांगणं का अवघड जातंय ते त्याच्याकडूनच समजून घ्यावं आणि सांगताना सोबत यायची तयारी दाखवावी.

सहकाऱ्याच्या मदतीची मर्यादा

काही लक्षणं दिसली की मैत्रीचं बळ पुरत नाही : दोन-तीन आठवडे नीट झोप नाही, जेवण सुटलेलं, फोन उचलणं बंद, दारू वाढलेली, ‘आता जगून काय करायचं’ अशा आशयाचं बोलणं. यांपैकी शेवटचं ऐकू आलं तर विषय बदलू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं थेट आणि शांतपणे विचारावं, तिला एकटं सोडू नये, घरच्या माणसाला बोलवावं आणि डॉक्टरकडे न्यावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन मदत करणाऱ्यानेही लावला तरी चालतो.

मदत करणाऱ्याची स्वतःची नोकरीही त्याच कंपनीत असते, आणि पुढची यादी कुणाची हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे झेपेल तेवढंच हाती घ्यावं. आठवड्याला एक संध्याकाळ, एक शनिवार आणि पाच-सहा निरोप एवढंही पुरतं, फक्त जे कबूल केलं ते वेळेवर व्हायला हवं. टीममध्ये चार जण मदतीला तयार असतील तर कामं वाटून घ्यावीत : एकाकडे विम्याचे आणि एचआरचे कागद, दुसऱ्याकडे बायोडेटा, तिसऱ्याकडे ओळखीपाळखी, चौथ्याकडे बुधवारचा चहा. अशा वाटणीने कुणा एकावर भार येत नाही, आणि नोकरी गेलेल्या माणसालाही कोणत्या कामासाठी कुणाला फोन करायचा हे ठाऊक असतं.